‘पैसे पाठवा’: मध्ययुगीन विद्यार्थ्याच्या पत्रामागची गोष्ट

फ्रान्समधल्या ओर्लेआँला शिकायला गेलेल्या दोन भावांनी आईवडिलांना लिहिलेलं एक लॅटिन पत्र आज उपलब्ध आहे. ते कळवतात की, आमचं बिऱ्हाड छान आहे, शाळा आणि बाजार दोन्ही अगदी हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे पाय ओले न करता रोज वर्गात जाता येतं. सोबती सुशील आणि अभ्यासात पुढे आहेत. लगेच पुढचं वाक्य येतं: साहित्याअभावी काम अडू नये म्हणून चर्मपत्र, शाई, लिहायचं मेज वगैरेंसाठी हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर पैसे पाठवा. जोडे आणि मोजेही त्याच्याकडेच द्या.

हे वाचून मुलं लबाड वाटतील. पण असली पत्रं टिकली ती घरच्यांनी जपली म्हणून नव्हे. बाराव्या-तेराव्या शतकांत इटलीतल्या बोलोन्या आणि ओर्लेआँ इथे पत्रलेखन हा शिकवायचा विषय होता आणि गुरुजी नमुनापत्रांच्या वह्या तयार करत; ही पत्रं त्या वह्यांमधून टिकली. पत्राचे साधारण पाच भाग ठरलेले: अभिवादन, वाचणाऱ्याचं मन वळवणं, हकीकत, मागणी, समारोप. ओर्लेआँच्या पत्रात घर आणि सोबती येतात ते हकीकतीच्या जागी, म्हणजे मागणीची वाट मोकळी करायला. पत्रं नमुन्याची म्हणूनच नावांऐवजी बऱ्याचदा नुसती आद्याक्षरं दिसतात. जो नक्कल करील, त्याने आपलं नाव घालावं! त्यामुळे अशा पत्रातला एखादा विद्यार्थी खरा होता की नाही, हे पत्रावरून सांगता येत नाही. अडचण मात्र खरी होती, नाहीतर नमुना कोणाच्या उपयोगी पडला असता?

ऑक्सफर्डच्या नमुन्यातला मुलगा म्हणतो, शहर महाग आहे, खोलीचं भाडं भरायचं आहे आणि तुम्ही पाठवलेले पैसे संपून दोन महिने झाले. ही तक्रार हवेतली नव्हती. 1209 मध्ये एका स्त्रीच्या हत्येनंतर ऑक्सफर्डच्या नागरिकांनी काही विद्यार्थ्यांना फासावर चढवलं. मग गुरू-शिष्य गाव सोडून गेले, त्यांतले काही केंब्रिजला. 1214 मध्ये पोपच्या प्रतिनिधीने तोडगा काढला, त्यात नागरिकांना दंड म्हणून विद्यार्थ्यांच्या निवासांचं भाडं 10 वर्षं निम्मं करायचं ठरलं. भाडं हा विषय आधीच इतका चिघळलेला होता. वसतिगृहं म्हणावीत अशी महाविद्यालयं पुढची. बहुतेकांना भाड्याच्याच घरात राहावं लागे.

वह्यांमध्ये बापाची उत्तरंही असत. बझाँसाँचा एक बाप ओर्लेआँमधल्या मुलाला सुनावतो: बाकीचे अभ्यास करतात तेव्हा तू वाद्य वाजवत बसतोस, असं मला कळलंय. पैशाच्या पत्राला काय उत्तर द्यावं, तेही गुरुजी शिकवत होतेच.