कोवळ्या दुधी, दोडका व कारल्याची निवड

दुधी, दोडका (शिराळे) आणि कारले ही काकडीच्या कुळातली वेलफळे पिकण्याआधीच, बी तयार होत असतानाच भाजीसाठी तोडतात. बी निबर होऊ लागले की गर, साल आणि आतल्या रेषा यांचे रूप पालटते, म्हणून फळ कोवळे की जून हे ओळखणे म्हणजे मुळात आतल्या बियांचे वय बाहेरून ओळखणे. अडचण अशी की सालीचे आणि बियांचे घड्याळ तिन्ही भाज्यांत सारखे चालत नाही. दुधीत साल आणि बी साधारण एकत्र निबर होतात. दोडक्यात बियांच्या आधी रेषा येतात. कारल्यात साल हिरवीगार असतानाच बी टणक झालेले असू शकते. त्यामुळे एकच कसोटी तिघांना लावली की निवड चुकते.

दुधीची साल तिघांत सर्वांत प्रामाणिक आहे. फळ धरल्यापासून साधारण 10 ते 15 दिवसांत दुधी तोडणीला येतो. त्या वयात सालीचा रंग फिकट पण जिवंत पोपटी असतो आणि सालीवर बारीक, मऊ लव असते. ती बोटाच्या टोकाला जाणवते, विशेषतः देठाजवळ. दुधी जून होताना लव झडते, साल गुळगुळीत व कडक होते, तकाकी जाऊन पांढरट झाक येते. मात्र हाताळणीतही लव पुसली जाते. म्हणून नुसती लव नसणे हे जूनपणाचे लक्षण मानू नये, तकाकी व कडकपणाही पाहावा. सर्वांत विश्वासाची खूण नखाची आहे. कोवळ्या सालीत अंगठ्याचे नख विशेष जोर न लावता रुतते आणि तिथे लगेच रस येतो. जून सालीवर ते घसरते. विकायला ठेवलेल्या फळावर मात्र हा प्रयोग करू नये. जखमेतून फळ लवकर सडते. तिथे बोटाने हलके दाबून आणि हातात तोलून काम भागते. कोवळा दुधी आकाराच्या मानाने जड लागतो. जून दुधीचा मधला भाग भुसभुशीत झालेला असल्याने तो हलका व पोचट भासतो.

दोन खुणा एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा काय करायचे, हे एका फळावरून पाहू. लांबट दुधी आहे, रंग चांगला पोपटी, पण खालच्या फुगीर भागावर नख घसरते, देठाकडच्या मानेवर मात्र सहज रुतते. हा दुधी अर्धा जून आहे. उभा चिरला की कारण दिसते: लांबट दुधीच्या मानेत बिया जवळजवळ नसतात, त्या खालच्या फुगीर भागात एकवटतात, आणि निबरपणाची खूणही तिथेच आधी दिसते. आता बी पाहावे. ते पांढरे, चपटे असेल आणि सुरीने गरासह सहज कापले जात असेल तर काही काढण्याची गरज नाही. कवच झाले असेल, सुरी अडत असेल आणि बियांभोवतीचा गर कापसासारखा झाला असेल, तर तेवढा गाभा काढून टाकावा आणि साल जाड सोलावी. बी तपकिरी झाले असेल तर खालचा भाग सोडून द्यावा आणि मानेचा तुकडा वापरावा. अख्खा दुधी टाकून देण्याची घाई अशा वेळी नको.

दुधी घेताना एक गोष्ट रंगावरून किंवा तकाकीवरून कळत नाही, ती म्हणजे कडूपणा. कडू दुधीत क्युकर्बिटासिन ही विषारी द्रव्ये असतात, आणि दिसायला उत्तम कोवळे फळही कडू निघू शकते. शिजवून ती नाहीशी होतात असे समजू नये. चिरल्यावर कच्च्या गराचा अगदी लहान कण जिभेवर ठेवून चव घ्यावी. कडू लागला तर लगेच थुंकावा आणि पूर्ण फळ टाकावे. कडू दुधीच्या रसाने तीव्र उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब घसरणे असे प्रकार घडले आहेत. हीच चव-तपासणी दोडक्यालाही करावी.

दोडका सर्वांत घाईचा. फळ धरल्यापासून साधारण 5 ते 7 दिवसांत तो खाण्याजोगा होतो आणि एकदा ती वेळ टळली की भरभर निबर होतो. आतल्या रसवाहिन्यांचे जाळे लाकडासारखे कडक होत जाते आणि शेवटी त्याचाच चोथा बनतो. म्हणून दोडक्यात बियांपेक्षा रेषांवर लक्ष ठेवावे. फळावर साधारण दहा उभ्या शिरा असतात. कोवळ्या फळात त्या धारदार असल्या तरी बोटाने दाबल्यास लवतात आणि नखाने सहज खरवडतात. जून फळात त्या कडक, काष्ठवत होतात आणि मधली हिरवी साल निस्तेज व खरबरीत दिसू लागते. कोवळा दोडका चिरल्यावर बिया पांढऱ्या, मऊ असतात. पूर्ण तयार झालेल्या बिया काळ्या होतात, पण त्यांना रंग चढेपर्यंत वाट पाहिली तर गर कधीच तंतुमय झालेला असतो. काप करताना सुरीला दोऱ्यासारखे तंतू अडकले की भाजी चोथट होणार हे नक्की.

दोडका वाकवून पाहण्याची सवय अनेकांना असते, आणि इथेच शिळेपण व जूनपण यांत गल्लत होते. ताजा कोवळा दोडका थोडा लवून कडकन मोडतो. पाणी सुटून सुकलेला शिळा दोडका मात्र न मोडता मऊ वाकतो, आणि तोच लवचीकपणा कोवळेपणा वाटतो. शिरांच्या कडा काळवंडल्या असतील, देठ वाळला असेल तर तो शिळा समजावा, मग तो कोवळा असो वा नसो.

कारल्याच्या बाबतीत तकाकीचा अर्थ उलटा लावावा लागतो. अगदी कोवळ्या कारल्याचा रंग गडद असतो आणि अंगावरचे काटेरी उंचवटे दाट, टोकदार असतात. फळ भरत गेले की उंचवटे रुंद व बोथट होतात, मधल्या चिरा उथळ होतात, रंग फिकटतो आणि साल अधिक चकचकीत दिसते. म्हणजे दुधीला तकाकी हवी, तर कारल्यात फिकट रंगाबरोबर आलेली तकाकी सावध करते. काही वाण मुळातच फिकट हिरवे किंवा पांढरे असतात. तिथे रंग सोडून उंचवटे पाहावेत. फळ धरल्यापासून साधारण 12 ते 15 दिवसांत कारले तोडतात. उकाड्यात हा काळ आणखी कमी होतो.

कारल्याच्या बिया चिरूनच कळतात. पांढऱ्या, नखाने चिरडणाऱ्या बिया गरासह शिजतात. कवच टणक झाले की साल हिरवी असली तरी त्या काढून टाकाव्यात. बियांभोवतीचा गर तांबूस झाला असेल तर फळ पिकू लागले आहे. त्यानंतर टोकाकडून पिवळेपणा चढतो आणि शेवटी फळ टोकाशी उकलते. कारले तोडल्यावरही पिकत राहते. त्यामुळे घेताना टोकाला किंचित पिवळी झाक असेल तर ते त्याच दिवशी शिजवावे. कारली पिकत्या केळ्यांजवळ ठेवू नयेत, केळ्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर पिवळी पडतात.