डोनट तळणे : तेलाचे तापमान आणि फिकट पट्टा

यीस्टने फुगवलेल्या मैद्याच्या पिठाची कडी तेलात तळून डोनट करतात. नीट तळलेला डोनट वरून आणि खालून सोनेरी-तांबूस असतो, आणि कमरेभोवती त्याला बोटाच्या जाडीहून थोडा कमी असा फिकट, जवळजवळ दुधाळ पट्टा असतो. हा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा आला आणि फोडल्यावर मधला भाग कोरडा, जाळीदार निघाला, म्हणजे तळण साधले. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड अशा शहरांतल्या बेकऱ्यांत डोनट मिळतात, आणि आता घरीही केले जातात. घरी ते पुऱ्या-भज्यांच्याच कढईत, त्याच झाऱ्याने तळले जातात. बहुतेक चुका तिथूनच येतात, कारण पुरीसाठी हाताला लागलेल्या सवयी डोनटला नेमक्या उलट्या पडतात.

आत शिजणे आणि पट्टा उमटणे या दोन गोष्टींची कारणे वेगळी आहेत. आतला भाग शिजतो तो तेलाच्या तापमानामुळे आणि वेळेमुळे. पट्टा मात्र मुख्यतः पीठ किती फुगले आहे यावर ठरतो. पट्टा येत नाही म्हणून गॅस कमी-जास्त करत बसणे व्यर्थ आहे. चूक कढईत जाण्याआधीच झालेली असते.

पट्टा म्हणजे तेलाला न लागलेला भाग. डोनट तेलावर तरंगतो. त्याची खालची बाजू बुडते, वरची हवेत राहते, आणि उलटल्यावर वरची बुडते. प्रत्येक वेळी निम्म्याहून कमी उंची बुडाली तरच मध्ये कोरी कड उरते. समजा तळताना डोनटची उंची ४ सेंटीमीटर आहे आणि दर बाजूला त्यातला १.६ सेंटीमीटर भाग बुडतो. मग मध्ये ०.८ सेंटीमीटरचा पट्टा राहील. हेच पीठ कमी फुगलेले, म्हणजे जड असेल आणि दर बाजूला २ सेंटीमीटर बुडेल, तर पट्टा अजिबात उरणार नाही. उलट फार फुगलेले पीठ उचलतानाच बसते, त्याच्या पडद्या फाटतात, आणि तो चपटा, सुरकुतलेला डोनट तेल पितो.

म्हणून खरे लक्ष दुसऱ्यांदा फुगण्याच्या वेळेवर हवे, म्हणजे कडी कापल्यानंतरच्या. बोटाला मैदा लावून कडेला हलकेच दाबावे. खड्डा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू अर्धवट भरून आला तर तेलाची वेळ झाली. तसाच राहिला तर उशीर झाला. घड्याळावर विसंबणे आपल्याकडे जमत नाही. परभणीत डिसेंबरातल्या थंड सकाळी ज्या कड्यांना सव्वा तास लागतो, त्याच मे महिन्यात, बाहेर ४० अंशांच्या वर पारा असताना, अर्ध्या तासात तयार होतात आणि आणखी दहा मिनिटांत बसायला लागतात. उन्हाळ्यात थंड दूध वापरावे आणि कड्या दोन हप्त्यांत कापाव्यात, म्हणजे शेवटच्या घाण्यातल्या कड्या वाट पाहत राहत नाहीत.

प्रत्येक कडी बटर पेपरच्या चौकोनी तुकड्यावर फुगवावी आणि कागदासकट तेलात सोडावी. कागद काही सेकंदांत सुटतो, तो चिमट्याने काढून घ्यावा. बोटांनी उचललेली कडी पकडलेल्या जागी दबते. ती बाजू जड होते, डोनट तिरका तरंगतो आणि पट्टा एकीकडे रुंद, दुसरीकडे नाहीसा होतो. पीठ कुठे जाड, कुठे पातळ लाटले गेले किंवा मधले भोक एका अंगाला गेले, तरी हेच घडते.

आता झारा. पुरी फुगावी म्हणून आपण झाऱ्याने तिच्यावर गरम तेल उडवतो, हलके दाबतो, चार वेळा उलटीपालटी करतो. डोनटला यातले काहीही करू नये. उडवलेले तेल थेट कमरेवर पडते आणि पट्टा डागाळतो. दाबले की आतली हवा निघते आणि डोनट खोल बसतो. वारंवार उलटले की ओला, अजून न धरलेला भाग तेलात भिजत राहतो. एकदा सोडायचे, एकदा उलटायचे, मग काढायचे. एका बाजूला मोठा बुडबुडा आला तर डोनट उलटल्यावर परत पालथा पडू पाहतो. अशा वेळी बुडबुड्याला टूथपिक टोचावी.

कड्यांच्या डोनटसाठी तेल १८० ते १९० अंश सेल्सिअस ठेवतात. व्यावसायिक फ्रायरमध्ये १९० च्या जवळ ठेवणे परवडते, कारण तिथे तेल भरपूर असते आणि तापमान आपोआप राखले जाते. घरच्या कढईसाठी १८० हा आकडा जास्त सुरक्षित वाटतो, कारण चुकायला दोन्ही बाजूंना जागा राहते. या तापमानाला ५५ ते ६० ग्रॅमच्या कडीला दर बाजूस सुमारे एक मिनिट लागते.

आत काय होते ते पाहिले की आकड्याचे कारण कळते. तेल १८० अंशांना असले तरी पिठात पाणी आहे, आणि पाणी असेपर्यंत मधला भाग १०० अंशांच्या वर जात नाही. आतली उष्णता फक्त सरकत सरकत पोचते, तिला घाई करता येत नाही. मधला भाग ९३ अंशांच्या आसपास गेला की स्टार्च आणि ग्लुटेन धरलेले असतात. तेल २०० अंशांना असेल तर साल अर्ध्या मिनिटात काळपट होते. आपण घाबरून डोनट काढतो, आणि मध्ये चिकट, ओलसर रेघ राहते. शिवाय साल लवकर कडक झाल्याने डोनट तेलात जो शेवटचा फुगायचा तोही फुगत नाही. तेल १६० ला असेल तर रंग यायला दुप्पट वेळ जातो. आतला भाग शिजतो, पण साल उशिरा धरते, डोनट तेलकट होतो आणि थंड झाल्यावर टिश्यूवर मोठा डाग सोडतो. पिठात साखर, दूध किंवा गूळ जास्त असेल तर रंग आणखी लवकर चढतो. तेव्हा १७५ पर्यंत खाली यावे.

पिठाची गोळी टाकून तेल पाहायची आपली रीत इथे पुरत नाही. १६५ लाही गोळी वर येते, १९० लाही येते. तळणाचा थर्मामीटर घ्यावा. तो बरोबर आहे का हे उकळत्या पाण्यात बुडवून पाहावे, पण काटा १०० वर यायची अपेक्षा धरू नये. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे जास्त उंच आहे, त्यामुळे तिथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. काटा ९८ दाखवत असेल तर यंत्र ठीक आहे. थर्मामीटर नसेल तर पांढऱ्या ब्रेडचा लहान तुकडा टाकावा. सुमारे एका मिनिटात तो सोनेरी झाला तर तेल १८० ते १८५ च्या आसपास आहे.

एक घाणा आकड्यांत पाहू. कढईत दीड लिटर रिफाइंड तेल आहे, मध्यभागी खोली ६ सेंटीमीटर. पीठ असे : ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम लोणी, एक अंडे आणि साधारण २२० मिलिलिटर दूध. १२ मिलिमीटर जाड लाटून ८ सेंटीमीटरच्या कड्या कापल्या आहेत. अशी एक कडी तापायला आणि तिच्यातले थोडे पाणी वाफ व्हायला अंदाजे २० किलोज्यूल उष्णता लागते. दीड लिटर तेल एका अंशाने उतरते तेव्हा जेमतेम ३ किलोज्यूल देते. म्हणजे तीन कड्या टाकून गॅस बंद केला असता तर तेल वीसेक अंशांनी खाली आले असते. आच चालू असल्याने उतार त्याहून बराच कमी पडतो आणि भरूनही निघतो. सहा कड्या एकदम टाकल्या तर घरगुती शेगडीला ते पेलत नाही. गोल बुडाच्या कढईत तशाही कड्या मध्याकडे सरकून एकमेकींना चिकटतात, आणि चिकटलेल्या जागी पट्टा फाटतो.

तेव्हा तेल १८५ ला न्यावे, तीन कड्या सोडाव्यात आणि लगेच आच किंचित वाढवावी. काटा १७५ च्या आसपास थांबेल. साठ सेकंदांनी खालची कड सोनेरी दिसली की भोकात काडी घालून उलटावे. पुन्हा साठ सेकंद, मग जाळीवर. थाळीत कागदावर ठेवले तर खालची बाजू वाफेने ओली पडते. पुढच्या घाण्याआधी काटा परत १८५ वर येऊ द्यावा. आपल्याकडे दुसरा घाणा घाईने टाकतात आणि तोच सगळ्यात तेलकट निघतो. पहिला डोनट मात्र मधोमध फाडून पाहावा. ओली रेघ दिसली आणि रंग गडद असेल तर तेल पाच अंशांनी उतरवावे. रेघ आहे पण रंग फिका आहे, तर फक्त वेळ वाढवावा.

पट्टा जितका रुंद तितका चांगला, असे नाही. तो भाग तेलाने नव्हे, आतल्या वाफेने शिजतो आणि त्यावर साल धरत नाही. उंचीच्या चौथ्या भागाहून तो रुंद झाला तर कमर मऊ राहते, आणि थंड होताना डोनट तिथे आत ओढला जाऊन सुरकुततो.

भोक नसलेल्या, आत जॅम भरायच्या गोळ्यांना हे आकडे चालत नाहीत. तिथे उष्णतेला मध्यापर्यंत लांबचे अंतर कापावे लागते, म्हणून तेल १६५ ते १७० ला ठेवून दर बाजूस अडीच-तीन मिनिटे तळतात. जर्मन आणि ऑस्ट्रियन बेकऱ्यांत अशा गोळ्यांच्या पट्ट्याला कॉलर या अर्थाचे नाव आहे. तिथे पहिली बाजू तळताना भांड्यावर झाकण ठेवतात. वाफ कोंडल्याने वरचा भाग मऊ राहून नीट फुगतो, गोळा हलका होतो आणि पट्टा उंच येतो. झाकण काढताना त्याखाली साचलेले पाण्याचे थेंब तेलात पडू देऊ नयेत.

तेलाबद्दल एक स्थानिक गोष्ट. करडई हे मराठवाड्याचे जुने तेलबी पीक आहे आणि घाण्याचे करडई तेल अनेक घरांत असते. ते डोनटला वापरू नये. न शुद्ध केलेले हे तेल १८० अंशांच्या बरेच आधी धुरावते आणि त्याचा वास गोड पिठात उतरतो. रिफाइंड सोयाबीन किंवा शेंगदाणा तेल चालते. पामतेल तळायला टिकाऊ आहे, पण हिवाळ्यात डोनट थंड झाला की ते सालीवर गोठते आणि टाळूला मेणासारखे लागते. तेच तेल किती वेळा वापरावे याला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मर्यादा आहे : १ जुलै २०१८ पासून, तेल तापून खराब होताना त्यात वाढणारी एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तळणासाठी चालत नाही. घरी ते मोजता येत नसले तरी जुने तेल आधी फेसाळते, मग दाट होते, आणि त्यात डोनट एका मिनिटाऐवजी चाळीसेक सेकंदांतच गडद होऊ लागतो. रंग असा लवकर चढला की आतला भाग पुन्हा कच्चा राहतो, काट्यावर १८० दिसत असले तरी.