नेट गेलं, घड्याळ चालूच: फोनवरच्या बुद्धिबळातल्या वेळेची पार्श्वभूमी

३० ऑगस्ट २०२०. जागतिक बुद्धिबळ महासंघ फिडेच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाड या सांघिक स्पर्धेची अंतिम लढत, भारत विरुद्ध रशिया. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. पहिली फेरी ३-३ अशी सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख या दोघांचं नेट डाव चालू असतानाच गेलं. पटावर दिव्याची बाजू वरचढ होती, पण वेळ तिच्या खात्यातून जात राहिली आणि दोघेही घड्याळावर हरले. त्या दिवशी जगभरात इंटरनेटचा मोठा बिघाड झाला होता. भारताने दाद मागितली आणि शेवटी फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना संयुक्त विजेते ठरवलं.

भारतात पेढे वाटले गेले, रशियात काहींनी नाकं मुरडली. त्याआधी काहीच दिवस उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानचंही नेट असंच गेलं होतं आणि समोर होता आपलाच निहाल. आर्मेनियाचं अपील फेटाळलं गेलं आणि त्यांनी स्पर्धाच सोडली. म्हणजे आठवड्याभरात एकाच प्रश्नाची दोन उत्तरं मिळाली: नेट गेलं तर गेलेली वेळ कोणाची?

पटावर समोरासमोर खेळताना हा प्रश्न नव्हता, पण वेळेवरून भांडणं तिथेही होतीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एका चालीला तासभर विचार करत बसायला कोणाची आडकाठी नव्हती. १८६१ साली लंडनमध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात दोघांच्या शेजारी वाळूची घड्याळं ठेवली गेली. दोन तासांत २४ चाली करायच्या होत्या. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सनने दोन घड्याळं एका दांडीवर बसवली. दांडी एका बाजूला कलली की एक घड्याळ थांबे आणि दुसरं सुरू होई. फोनवर आपली चाल झाली की आपला आकडा थिजतो आणि समोरच्याचा धावू लागतो, ती हीच दांडी.

फोनवर दिसणाऱ्या ‘३+२’ मधला दुसरा आकडा अमेरिकेचा माजी विश्वविजेता बॉबी फिशर याचा. जिंकत आलेला डाव केवळ सेकंद संपले म्हणून जाऊ नये, यासाठी त्याने प्रत्येक चालीला थोडे सेकंद परत देणारं घड्याळ तयार केलं. त्याचं पेटंट १९८९ साली मिळालं आणि १९९२ मधल्या स्पास्कीबरोबरच्या सामन्यात ते वापरलं गेलं. ‘३+२’ म्हणजे सुरुवातीला तीन मिनिटं आणि दर चालीला दोन सेकंद. लीचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ डावाचा प्रकार ठरवताना तो ४० चालींचा धरतं: १८० सेकंदांत ४० गुणिले २ मिळवले की एकूण २६०. ४८० च्या आत आहे, म्हणून ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव. ‘१०+०’ चे ६०० होतात, तो थोडा निवांत रॅपिड.

त्याच १९९२ च्या जानेवारीत पहिला इंटरनेट चेस सर्व्हर सुरू झाला, आणि फिशरच्या घड्याळात नसलेली एक भानगड पुढे आली. चाल तुमच्या यंत्रावरून सर्व्हरवर आणि तिथून समोरच्याकडे जायला वेळ लागायचा, आणि तो तुमच्याच खात्यातून कापला जायचा. हिशेब करून बघा. एका चालीला अर्धा सेकंद वाटेत गेला, तर ४० चालींत २० सेकंद गेले. तीन मिनिटांच्या डावात नववा हिस्सा विचार न करताच संपला. ज्याचं नेट संथ, तो पहिल्या चालीपासून मागे.

यावर काढलेला तोडगा साधा वाटतो: वेळ सर्व्हरवर न मोजता खेळाडूच्या यंत्रावर मोजायची. समोरच्याची चाल पडद्यावर दिसली तेव्हा वेळेचा एक शिक्का, तुम्ही चाल केली तेव्हा दुसरा, आणि खात्यातून फक्त मधलं अंतर वजा. पण मग घड्याळच खेळाडूच्या ताब्यात गेलं. खोटे शिक्के पाठवून फुकटचा विचार करता येऊ लागला, तेव्हा शिक्के सांकेतिक करून पाठवावे लागले. म्हणूनच आजही सर्व्हर वाटेत गेलेली वेळ परत करतात, पण मर्यादेतच. अर्धा सेकंद मिळेल, अर्धं मिनिट नाही. लोकलमध्ये खेळताना बोगद्यात रेंज गेली तर घड्याळ थांबत नाही ते यामुळेच. रेंज खरोखर गेली की हरताना विमान मोड चालू केला, हे सर्व्हरला दुरून कळत नाही. ऑलिम्पियाडचा वाद याच जागी अडला होता.

घड्याळावर गेलेला डाव रेटिंगमध्ये, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्यात, नेहमीसारखाच मोजला जातो. रेटिंगचा मूळ हिशेब भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांचा. अमेरिकेने तो १९६० साली घेतला आणि फिडेने १९७० साली. समजा १५०० चा खेळाडू १७०० च्या खेळाडूशी खेळतोय. हिशेब सांगतो की त्याला शंभर डावांत साधारण २४ गुण मिळतील. एका डावाने रेटिंग किती हलावं हे ठरवणारा फिडेचा गुणक २० धरला, तर तो जिंकल्यास सुमारे १५ वर जाईल, हरला तर सुमारे ५ खाली येईल. फोनवर मात्र रोज नवी खाती उघडतात आणि कोणी एका रात्रीत पन्नास डाव खेळतो. म्हणून तिथे मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाची ग्लिको पद्धत चालते, जी रेटिंगबरोबर त्या रेटिंगची खात्री किती हेही मोजते. लीचेसवर नव्या खात्यापुढे ‘1500?’ दिसतं, त्यातलं प्रश्नचिन्ह ते हेच. सुरुवातीला एका पराभवात आकडा धाडकन पडतो. तो तुमचा अपमान नाही, तुमची ओळख अजून पटलेली नसते एवढंच.

गंमत म्हणजे मूळचं भांडण ज्या शिक्क्यांवरून झालं, तेच शिक्के आता लबाडी पकडायला उपयोगी पडतात. माणूस मोहऱ्यांच्या मारामारीत आपसूक येणारी चाल क्षणात खेळतो आणि अवघड जागी अडकतो. शेजारच्या यंत्रावर, बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्थिती भरून उत्तर पाहणारा मात्र सोप्या चालीलाही सात सेकंद घेतो आणि अवघड चालीलाही सातच. चाली अशा प्रोग्रॅमशी जुळतात, त्यात वेळही अशी सपाट असेल तर संशय बळावतो. पण एका डावावरून निकाल देणं धोक्याचं, कारण पाठ असलेल्या ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींत, सरळमार्गी खेळाडूही अचूक आणि एका लयीत खेळतो. तपासणारे म्हणूनच अनेक डाव शेजारी ठेवून बघतात.

जून २०२१ मध्ये कोविडच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद एकाच वेळी अनेक नामवंतांशी ऑनलाइन खेळला. त्यातला एक डाव तो एका हौशी उद्योजकाकडून हरला. दुसऱ्या दिवशी त्या उद्योजकाने संगणकाची आणि जाणकारांची मदत घेतल्याचं कबूल केलं. चेस डॉट कॉमने त्याचं खातं बंद केलं, आणि डाव रेटिंगचा नव्हता, शिवाय आनंदलाही प्रकरण वाढवायचं नव्हतं, म्हणून पुढे ते पुन्हा उघडलं. आपण पटावरची स्थिती खेळलो, इतरांकडूनही तीच अपेक्षा होती, एवढंच काय ते आनंद म्हणाला.