मोर्चा म्हणजे बंद नव्हे

“उद्या मोर्चा आहे म्हणे, म्हणजे दुकाने आणि गाड्या बंदच राहणार ना?”

नाही. मोर्चा म्हणजे मागणी घेऊन ठरलेल्या ठिकाणापर्यंत चालत जाणारा जमाव. मूळ शब्द लढाईतला असून तो तटबंदीसमोर धरलेल्या ठाण्यासाठी वापरत. ‘मोर्चेबांधणी’त तो अर्थ अजून टिकून आहे. संपात कामगार स्वतःचे काम थांबवतात, जसे 18 जानेवारी 1982 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी थांबवले. बंदमध्ये मात्र वादाशी संबंध नसलेल्यांनीही व्यवहार थांबवावेत अशी अपेक्षा असते, आणि सक्ती शिरते ती येथेच. म्हणूनच 1997 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सक्तीचा बंद घटनाबाह्य ठरवला व सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी सहा दिवस चालून मुंबईत पोहोचले, तेव्हा दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा असल्याने त्यांनी शीवच्या सोमय्या मैदानापासून आझाद मैदानापर्यंतचे अंतर रात्रीच कापले. विद्यार्थ्यांची वाट मोकळी राहावी म्हणून दमलेल्या पायांनी केलेली ही रात्रीची चाल मला फार मोलाची वाटते. मोर्च्यामुळे रस्ता काही तास अडू शकतो, वाहतूक वळवली जाते. पण बातमीत ‘बंदची हाक’ असे शब्द नसतील, तर दुकान उघडण्यास हरकत नाही.