कोश व अंडीपुंज : छायाचित्रावरून ओळख

पानावर किंवा भिंतीवर आढळणारे कोश व अंडी कोणत्या कीटकाची आहेत, हे छायाचित्रावरून ठरवण्याची पद्धत. मराठीत ‘कोश’ हा शब्द पतंगाच्या अळीने विणलेल्या रेशमी वेष्टनाला आणि फुलपाखराच्या उघड्या कोशालाही वापरतात. येथे मुख्यतः दुसऱ्याचा विचार केला आहे.

पहिली खूण म्हणजे कोश टांगला कसा आहे. डोके खाली आणि फक्त शेपटाकडे आधार असेल, तर तो बहुधा कण्हेरीवरच्या कॉमन क्रोसारख्या निम्फॅलिडी कुलातील फुलपाखराचा असतो. क्रोचा कोश चांदीसारखा चकाकतो. शेपूट चिकटलेले, कमरेभोवती रेशमाचा धागा आणि डोक्याला दोन टोके असतील, तर तो पॅपिलिओ प्रजातीचा मानावा.

कढीपत्त्याच्या कुंडीमागे भिंतीवर असा तपकिरी कोश दिसला, तर लिंबू फुलपाखरू (पॅपिलिओ डेमोलियस) आणि कॉमन मॉर्मन (पॅपिलिओ पॉलिटिस) हे दोन पर्याय उरतात, कारण दोघांच्याही अळ्या कढीपत्ता खातात. डेव्हिडसन, बेल व एटकेन यांनी उत्तर कॅनरा जिल्ह्यातील फुलपाखरांच्या बाल्यावस्थांची वर्णने १८९६च्या सुमारास प्रसिद्ध केली. आजही अशा वेळी ती उपयोगी पडतात. मॉर्मनचा कोश अधिक वाकलेला व मधे रुंद, तर लिंबू फुलपाखराचा त्या मानाने सरळ असतो. हा बाक समोरून कळत नाही, म्हणून बाजूने काढलेले छायाचित्र आवश्यक ठरते.

रंगावरून मात्र जात ठरवू नये. एकाच मादीच्या संततीत पानावरचे कोश हिरवे आणि भिंतीवरचे तपकिरी होऊ शकतात. यामागचे कारण वादग्रस्त राहिले आहे. पोल्टन यांनी १८८७मध्ये भोवतालच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाला महत्त्व दिले. पुढे पॅपिलिओवर झालेल्या प्रयोगांत पृष्ठभागाचा खरखरीतपणा, आर्द्रता व झाडाचा वास यांचाही परिणाम दिसला. या घटकांचे प्रमाण जातीनुसार बदलत असावे. खडबडीत भिंतीवरच्या तपकिरी कोशांचा उलगडा केवळ प्रकाशाने होत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

काय बाहेर पडेल, हे सांगताना परजीवींचा विचार करावाच लागतो. फुलपाखरू निघण्याच्या आदल्या दिवशी कवच पारदर्शक होऊन आतील पंखांची नक्षी दिसते. नक्षी न दिसता कोश मळकट पडला आणि स्पर्शानेही हलेनासा झाला, तर आत टेरोमेलस प्यूपॅरमसारख्या बारीक गांधीलमाश्या असण्याचा संभव असतो. कवचावर टाचणीच्या डोक्याएवढे गोल भोक दिसले, तर त्या निघून गेल्या असे समजावे. फुलपाखरू भोक पाडत नाही. त्याचे कवच डोक्याकडे उकलते.

अंडी : लिंबू फुलपाखरू कोवळ्या पानावर फिकट पिवळी गोल अंडी एकेकटी घालते. त्यामुळे तेथे झाकण असलेल्या पिंपांसारखी अंडी ओळीने दिसली, तर ती ढेकण्यांची समजावीत.