भूपाळी सकाळची, भूप रात्रीचा

देवाला जागं करायचं गाणं म्हणजे भूपाळी, हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. मात्र गाणं शिकायला गेलं की पहिल्या काही महिन्यांतच कळतं, की भूप ऊर्फ भूपाली हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा. नाव सकाळचं आणि राग रात्रीचा, हे कोडं मला बरीच वर्षं छळत होतं. रागांच्या वेळा कुठून आल्या हे पाहायला लागल्यावर ते थोडं उलगडलं.

कर्नाटक संगीतात भूपालम नावाचा राग आहे. तो पहाटेचाच, पण त्याचे रिषभ, गंधार आणि धैवत कोमल आहेत. आपल्याकडे हेच स्वर भूपाल तोडीत येतात. आपल्या भूपात मात्र सा रे ग प ध, सगळे शुद्ध. म्हणजे नाव एक आणि स्वर निराळे. तोडीचंही तसंच आहे. कर्नाटकातल्या तोडीला जे स्वर लागतात, ते आपल्या भैरवीचे. शतकानुशतकं नावं टिकली आणि त्यांच्या पोटातले स्वर बदलत गेले. त्यामुळे एखाद्या जुन्या ग्रंथात रागाची वेळ दिलेली सापडली, तरी ती आज त्याच नावाने गायल्या जाणाऱ्या रागाची असेलच असं नाही.

वेळा सांगणारे ग्रंथ तसे पुष्कळ आहेत. नारदाच्या नावावरच्या ‘संगीत मकरंद’मध्ये सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे राग वेगळे काढले आहेत. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीत रत्नाकर’ लिहिला. त्यात ग्रामरागांना, म्हणजे रागांच्या एका जुन्या वर्गाला, प्रहर दिला आहेच, शिवाय ऋतू, देवता, रस आणि नाटकातला प्रसंगही दिला आहे. माझ्या मते इथेच या प्रथेचं मूळ दिसतं. वेळ हा रागाच्या एका मोठ्या संकेतसमूहातला एक धागा होता. अमुक स्वर आहेत म्हणून अमुक वेळ, असा हिशेब तिथे मांडलेला नाही.

तो हिशेब मांडला मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या, पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी. ते गावोगाव फिरले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि गवई कुठल्या वेळी काय गातात ते टिपून त्यामागचा नियम शोधला. रिषभ कोमल आणि गंधार शुद्ध असेल तर राग दिवस-रात्रीच्या सांध्यावरचा, म्हणजे संधिप्रकाश. भैरव पहाटे, पूर्वी आणि मारवा सूर्यास्ताला. त्यानंतर रे, ग, ध शुद्ध असलेले राग आणि मग कोमल गंधार-निषादाचे. हा क्रम दिवसातून दोनदा फिरतो. मग सकाळ-संध्याकाळ वेगळी कशी ओळखायची? वादी, म्हणजे रागातल्या सर्वांत प्रमुख स्वरावरून. वादी सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, म्हणजे पूर्वांगात असेल तर दुपारी बारा ते रात्री बारा. वरच्या अर्ध्यात, उत्तरांगात असेल तर रात्री बारा ते दुपारी बारा.

हे नुसतं कागदावरचं नाही, याचा पुरावा पुन्हा भूपातच मिळतो. देशकाराला भूपाचेच पाच स्वर आहेत, पण भूपाचा वादी गंधार आणि देशकाराचा धैवत. भूप मध्य सप्तकाच्या खालच्या भागात, गंधाराभोवती रमतो. देशकार धैवतावर उभा राहतो आणि तार षड्जाकडे बघत राहतो. देशकार शिकताना मी गंधारावर जरा विसावले, की गुरुजी तानपुऱ्यावरचा हात न थांबवता म्हणायचे, “अगं, भूपात शिरलीस.” ध प, ग प ध प असं वरूनच फिरायचं आणि गंधाराला नुसता स्पर्श करून निघायचं. हे जमलं तो दिवस मला आठवतो. स्वर तेच होते, पण खोलीत सकाळ झाली.

नियमाला अपवाद आहेत. तीव्र मध्यम संध्याकाळ-रात्रीकडचा आणि शुद्ध मध्यम सकाळचा, असंही भातखंड्यांनी मांडलं, आणि यमन-बिलावलापुरतं ते चपखल बसतं. पण तोडी आणि हिंडोल दोन्हींत तीव्र मध्यम ठसठशीत आहे आणि दोन्ही सकाळचे. परंपरेने इथे सिद्धांताला जुमानलं नाही. अपवादांना परवानगीही जुनी आहे: सतराव्या शतकातल्या ‘संगीत दर्पण’मध्ये राजाज्ञा असेल तर वेळेचा विचार करू नये, अशी मुभा आहे.

आज आज्ञा येते ती घड्याळाची. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले आणि श्रोते पहाटेचा राग ऐकून घरी जात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधनं आल्यापासून मैफली दुपारीच सुरू होतात. त्यामुळे भीमपलास, मुलतानी, मारवा भरपूर कानी पडतात. मध्यरात्रीनंतरचा सोहनी, परज, ललत मात्र त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकलेले श्रोते आता पन्नाशीच्या पुढचेच भेटतात.