मोटारीच्या अहवालातील ‘विसंगती अंक’ कसा काढला जातो: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या मासिक अहवालात प्रत्येक मोटारीचे तापमान आणि विद्युतप्रवाह यांच्यापुढे ‘विसंगती अंक’ दिलेला असतो. दोन्ही नोंदी नेहमीच्या मर्यादेत असताना हा अंक मोठा कसा येतो, अशी विचारणा ग्राहकांकडून वारंवार होते. त्याचे उत्तर रेषीय बीजगणितातील तीन क्रियांमध्ये आहे आणि त्या कागदावर करून पाहता येतात.

समजा, एका मोटारीच्या चार नोंदी अशा आहेत: 62 अंश व 9 अँपिअर, 61 व 10, 59 व 6, 58 व 7. (प्रत्यक्षात आम्ही हजारो नोंदी घेतो, येथे चारच घेतल्या आहेत, कारण त्यांचे गणित तोंडी होते.) तापमानाची सरासरी 60 आणि प्रवाहाची 8 आहे. प्रत्येक नोंदीतून सरासरी वजा केल्यावर तापमानाचा स्तंभ (2, 1, −1, −2) आणि प्रवाहाचा स्तंभ (1, 2, −2, −1) असा उरतो.

या दोन स्तंभांचा डॉट प्रॉडक्ट म्हणजे समोरासमोरच्या आकड्यांचे गुणाकार करून घेतलेली बेरीज: 2 + 2 + 2 + 2, म्हणजे 8. दोन्ही राशी एकाच वेळी सरासरीच्या वर किंवा खाली जात असतील, तर ही बेरीज धन आणि मोठी येते. एक वर जाताना दुसरी खाली येत असेल तर ऋण येते. आणि त्यांचा एकमेकींशी सरळ रेषेतला संबंध नसेल तर ती शून्याच्या आसपास राहते. तापमानाचा स्वतःशीच डॉट प्रॉडक्ट 10 येतो, प्रवाहाचाही 10 येतो, आणि त्यावरून त्या त्या राशीचा एकूण पसारा कळतो.

मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे असे अनेक डॉट प्रॉडक्ट एकदम काढून जागच्या जागी मांडणे. सरासरी वजा केलेल्या या दोन स्तंभांच्या मॅट्रिक्सला `X` आणि तिच्या ओळी व स्तंभ यांची अदलाबदल करून मिळणाऱ्या मॅट्रिक्सला `X.T` म्हटले, तर `X.T @ X` या गुणाकारातून पुढील मॅट्रिक्स मिळते:

```
10   8
 8  10
```

येथे क्रमाला महत्त्व आहे. `X @ X.T` असा उलटा गुणाकार केल्यास चार बाय चारची मॅट्रिक्स मिळते आणि तीत राशींची नव्हे, तर नोंदींची परस्परांशी तुलना होते.

हीच मॅट्रिक्स दिशांवर क्रिया करते, असेही पाहता येते. तिने (1, 0) या दिशेला गुणले की (10, 8) मिळते, म्हणजे दिशा वळते. (1, 1) ला गुणले की मात्र (18, 18) मिळते: दिशा तीच राहते, लांबी तेवढी 18 पट होते. अशी न वळणारी दिशा म्हणजे आयगेनव्हेक्टर आणि ती पट म्हणजे आयगेनव्हॅल्यू. दुसरा आयगेनव्हेक्टर (1, −1) असून त्याची आयगेनव्हॅल्यू 2 आहे. एकूण 20 पैकी 18, म्हणजे नोंदींचा 90 टक्के पसारा, पहिल्या दिशेत सामावतो. मोटारीवरचा भार वाढला की प्रवाह व तापमान दोन्ही वाढतात. ती दिशा हीच.

आता नवी नोंद आली: 62 अंश व 6 अँपिअर. हे दोन्ही आकडे यापूर्वी सुटेसुटे येऊन गेले आहेत, त्यामुळे साधी मर्यादा लावणारी यंत्रणा गप्प बसेल. सरासरी वजा करून ही नोंद (2, −2) होते. तिचा (1, 1) शी डॉट प्रॉडक्ट 0 येतो आणि (1, −1) शी 4 येतो, तर जुन्या चारही नोंदींचा (1, −1) शी डॉट प्रॉडक्ट केवळ 1 किंवा −1 होता. नेहमीच्या चौपट असलेले हे विचलन म्हणजेच अहवालातील विसंगती अंकाचा आधार.

एककांबाबत मात्र आम्हाला आपल्या सहकार्याची गरज आहे. प्रवाह मिलिअँपिअरमध्ये नोंदवला, तर त्याचे आकडे हजारपट होऊन पहिला आयगेनव्हेक्टर जवळजवळ (0.0008, 1) असा येतो, म्हणजे तापमान हिशेबातूनच बाद होते. एक घटक 1 च्या जवळ आणि बाकीचे शून्याजवळ दिसले की प्रथम एकके तपासावीत. म्हणूनच आम्ही प्रत्येक स्तंभाला त्याच्या प्रमाण विचलनाने भागून मगच गणित करतो. तरीही मध्येच एकक बदलल्यास कृपया कळवावे. (1, 1) ऐवजी (−1, −1) छापून आले, तर ती चूक समजू नये. दोन्ही एकाच रेषेवरचे आहेत.

मोठा अंक आला म्हणजे बिघाड झालाच, असेही नाही. भार एकाएकी उतरवल्यावर प्रवाह लगेच कमी होतो, पण मोटार सावकाश निवते, आणि त्या वेळेतील नोंद अशीच दिसते. भार स्थिर असतानाही अंक चढाच राहिला, तर थंड करणारा पंखा, हवेची जाळी आणि तापमानाचा सेन्सर या क्रमाने तपासणी करून घ्यावी.